फोटोतला तक्ता, पाच-पाच आकड्यांचे तीन गट, क्रुस्कल-वॉलिस लावलं पण काहीच येत नाहीये

खाडीकाठची_ऐरोली

नमस्कार मंडळी, एम.एस्सी. झूऑलॉजीच्या शेवटच्या सेमला आहे आणि डोकं फुटायची वेळ आलीये म्हणून इथे टाकतेय. प्रोजेक्ट ठाणे खाडीच्या काठच्या खेकड्यांच्या बिळांवर आहे, ते एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे असतात ना ते. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट केली, ओहोटीला चिखलावर टाकायची आणि आतली बिळं मोजायची. तीन जागा घेतल्या, एक तिवरांखाली, एक मोकळा चिखल आणि एक नाल्याच्या तोंडाशी. प्रत्येक जागी पाच चौकटी.

रजिस्टर डिपार्टमेंटच्या कपाटात बंद आहे, माझ्याकडे त्याच्या पानाचा फोटो आहे फक्त, तोही भिजलेल्या पानाचा, शाई पसरलेली आणि खालच्या कोपऱ्यावर माझाच अंगठा. त्यावरून काल रबाळे ते ठाणे ट्रेनमध्ये उभ्या उभ्या आकडे टाइप केले:

तिवरांखाली: २६, ५२, १९, ३५, ३१
मोकळा चिखल: ११, ३७, ६, २२, १६
नाल्याचं तोंड: १८, ४, ९८, २३, ९

गाईड म्हणाले की हे नॉर्मल दिसत नाही, अनोव्हा लावू नकोस, क्रुस्कल-वॉलिस लाव. लावलं. आर मध्ये एच २.९६ आला आणि पी व्हॅल्यू ०.२२७६. म्हणजे तिन्ही जागांत फरकच नाही? मी स्वतः तिथे उभी होते हो, तिवरांखाली पाय ठेवायला जागा नव्हती इतकी बिळं आणि नाल्याकडे शोधून काढावी लागत होती. टेस्ट चुकली की मी?

---

घणसोली_ॲनालिस्ट

सँपल छोटं आहे बाकी काही नाही. आणि मुळात क्रुस्कल-वॉलिस कशाला, आधी शापिरो-विल्क लाव तिन्ही गटांवर, पी ०.०५ च्या वर आला की डेटा नॉर्मल, मग बिनधास्त अनोव्हा. आम्ही ऑफिसमध्ये हेच करतो. क्रुस्कल-वॉलिस मीडियन कंपेअर करतं, तुझे मीडियन ३१, १६, १८ आहेत, त्यात दोन जवळजवळ सारखेच आहेत म्हणून नाही आलं.

---

निवृत्त_नौपाडा

घणसोलीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यावर विसंबलात तर पोरगी फसेल.

पाच आकड्यांवर शापिरो लावून ‘नॉर्मल’ असा दाखला मिळत नाही. पाच आकड्यांत त्या टेस्टला दिसणार तरी काय? अगदीच वेडावाकडा आकडा असेल तरच ती ओरडते, एरवी गप्प बसते. आणि ती गप्प बसली याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नसतो, कळायला पुरेसा माल नव्हता एवढाच असतो. इथे तर ही मोजणी आहे, बिळांची संख्या, शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, आणि असले आकडे वरच्या बाजूला शेपूट काढतातच. गाईडचं म्हणणं योग्य आहे.

मीडियनचंही तसंच. तिन्ही गटांचा पसारा सारख्याच आकाराचा असेल आणि फक्त जागेवरून सरकलेला असेल तर मीडियनची तुलना म्हणा, हरकत नाही. पण टेस्ट मीडियनला हातही लावत नाही. ती पंधराच्या पंधरा आकडे एका रांगेत उभे करते, सगळ्यात लहानाला १, मोठ्याला १५, आणि मग बघते की कुठल्या गटाची माणसं रांगेत मागे गर्दी करून उभी आहेत आणि कुठल्या गटाची पुढे. क्रुस्कल आणि वॉलिस यांनी १९५२ साली मांडलं तेही याच रांगेवर.

आता खाडीकाठच्या बाई, तुम्हाला एक विचारतो. तो ९८ तुम्हाला आठवतो का? अर्धा मीटर चौकटीत अठ्ठ्याण्णव बिळं मोजलीत, तीही जिथे बिळं शोधावी लागत होती तिथे, आणि ते लक्षात राहिलं नाही? फोटो टाका.

---

खाडीकाठची_ऐरोली

काका मला तोच आकडा खटकत होता पण वाटलं रँक टेस्ट आहे ना, आउटलायरचा फरक पडत नाही, सगळे हेच सांगतात. फोटो टाकलाय वर.

---

निवृत्त_नौपाडा

‘फरक पडत नाही’ याचा अर्थ समजून घ्या. तिवरांखालचा तुमचा ५२ घ्या. फोटोतून वाचताना चुकून तुम्ही तो ९२ लिहिलात, अगदी ९७ लिहिलात, तरी रांगेत तो तिवरांच्याच गटातून, त्याच टोकाला उभा राहतो. एच तसूभरही हलत नाही. आउटलायरला टेस्ट दाद देत नाही म्हणतात ते एवढ्यापुरतं.

पण नाल्याच्या गटातला एक माणूस रांगेच्या मधून उचलून थेट शेवटी नेला तर दोन गोष्टी होतात. तो स्वतः टोकाला जातो आणि त्याच्या पुढे असलेले सगळे एकेक पायरी खाली येतात, त्यात तुमचे तिवरवाले पाचच्या पाच. म्हणजे एका चुकीच्या आकड्याने एक गट फुगला आणि दुसरा दबला. आकडा किती मोठा याच्याशी टेस्टला देणंघेणं नाही, पण तो रांगेत कुठे उभा आहे याच्याशी आहे.

---

तुर्भे_क्यूसी

फोटो झूम करून बघितला. ताई, नाल्याच्या खान्यातली तिसरी ओळ तुमच्या अक्षरात आहे का? बाकी सगळे आकडे उभट आणि बारीक आहेत, हा एकच गोल गरगरीत आहे, आणि त्या आठाचं वरचं तोंड उघडं वाटतंय मला.

---

खाडीकाठची_ऐरोली

अरे देवा.

तिसऱ्या चौकटीला माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता, हात चिखलाने भरलेले, रजिस्टर होडीवाल्या मामांच्या हातात दिलं आणि मी ओरडून आकडा सांगितला, त्यांनी लिहिला. मामा मराठीत आकडे लिहितात!!! मी बाकी सगळं इंग्रजीत लिहिलंय.

---

तुर्भे_क्यूसी

झालं मग. आपला १ म्हणजे इंग्रजी 9 आणि आपला ४ म्हणजे तोंड उघडं ठेवलेला 8. ते ९८ नाही, १४ आहे 😄 आमच्याकडे बॅच रेकॉर्डमध्ये याच कारणासाठी आकडे एकाच लिपीत लिहायचा नियम आहे, कुणीतरी कधीतरी हेच केलं असणार.

---

निवृत्त_नौपाडा

दिसतं तसं, पण दिसण्यावर जाऊ नका, पडताळा हवा. तुमच्या अंगठ्याखाली काय आहे? बहुतेक लोक खान्याखाली बेरीज मारून ठेवतात.

---

खाडीकाठची_ऐरोली

मारली होती बेरीज, खाडीवरच, होडीत बसून. आज डिपार्टमेंटला जाऊन कपाट उघडायला लावलं. नाल्याखाली ६८ लिहिलंय. १८ + ४ + २३ + ९ = ५४. ६८ मधून ५४ गेले, राहिले १४. बाकी दोन खान्यांच्या बेरजाही जुळल्या, १६३ आणि ९२.

---

निवृत्त_नौपाडा

छान. शेवटच्या ओळीतला ९ सुद्धा मराठी १ नाही ना हेही बघितलंत का? कारण एका बेरजेतून एकच संशयित आकडा सुटतो, दोन असतील तर नाही. तो १ असता तर तिसरा आकडा २२ असायला हवा होता, आणि २२ काही ९८ सारखा दिसत नाही, तेव्हा ठीक आहे. पण मूळ पान समोर आहे तर बघून घ्या.

---

खाडीकाठची_ऐरोली

बघितलं, माझ्याच अक्षरातला इंग्रजी 9 आहे, शेपटी सरळ.

---

मानपाडा_फिजिओ

मला पण हाच प्रॉब्लेम आहे बरं झालं धागा निघाला. माझे आठ पेशंट आहेत गुडघेदुखीचे, दुखणं शून्य ते दहा मध्ये विचारलं, पहिल्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. तीन गट झाले आठ आठचे, क्रुस्कल-वॉलिस लावलं तर चालेल ना? मीही ओपीडी रजिस्टरचा फोटोच काढलाय.

---

निवृत्त_नौपाडा

नाही चालणार. तुमचे तीन गट नाहीत, तीच आठ माणसं तीनदा आली आहेत. क्रुस्कल-वॉलिसला प्रत्येक गटात वेगळी माणसं लागतात. तुमच्यासाठी फ्रीडमन, त्यात रांग प्रत्येक पेशंटच्या आत लागते, त्याच्या स्वतःच्या तीन आकड्यांना १, २, ३. सगळ्यांना एका रांगेत उभं केलंत तर मुळात जास्त कण्हणारा पेशंट आणि सोशिक पेशंट यांच्यातला फरकच तुमच्या उपचाराचा फरक झाकून टाकेल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

---

खाडीकाठची_ऐरोली

१४ टाकून परत चालवलं.

```r
tivar  <- c(26, 52, 19, 35, 31)
chikhal <- c(11, 37, 6, 22, 16)
nala   <- c(18, 4, 14, 23, 9)
kruskal.test(list(tivar, chikhal, nala))
```

एच ५.८२, पी ०.०५४४८. म्हणजे परत नाहीच?? इतक्या जवळ येऊन? रडू येतंय.

---

घणसोली_ॲनालिस्ट

०.०५ च्या वर म्हणजे वर. नॉट सिग्निफिकंट. ट्रेंड आहे असं लिहून टाक.

---

निवृत्त_नौपाडा

रडू नका, आधी हाताने करून बघू, पंधराच आकडे आहेत. चहा ठेवून बसलो आणि वहीत केलं.

रांग अशी लागते: ४ (नाला), ६ (चिखल), ९ (नाला), ११ (चिखल), १४ (नाला), १६ (चिखल), १८ (नाला), १९ (तिवर), २२ (चिखल), २३ (नाला), २६, ३१, ३५ (तिन्ही तिवर), ३७ (चिखल), ५२ (तिवर). नाल्याचे क्रमांक १, ३, ५, ७, १०, बेरीज २६. चिखलाचे २, ४, ६, ९, १४, बेरीज ३५. तिवरांचे ८, ११, १२, १३, १५, बेरीज ५९. तिन्हींची मिळून १२० यायलाच हवी, १ ते १५ ची बेरीज तेवढीच असते, नाही आली तर रँक देताना चुकलात. एकही आकडा दोनदा आलेला नाही हे नशीब, नाहीतर सारख्या आकड्यांना क्रमांक वाटून द्यावे लागले असते.

```
H = 12/(15*16) * (59^2 + 35^2 + 26^2)/5 - 3*16
  = 0.05 * 1076.4 - 48
  = 5.82
```

काहीच फरक नसता तर प्रत्येक गटाची बेरीज ४० च्या आसपास आली असती. तिवरं १९ ने वर आहेत, नाला १४ ने खाली, चिखल ५ ने खाली. ९८ धरलं होतंत तेव्हा नाल्याची बेरीज ३४ झाली होती आणि तिवरांची ५४ वर उतरली होती, म्हणून एच २.९६ वर बसला होता. एक आकडा, पण दोन्ही टोकं आत ओढली त्याने.

आता खरी गोम. एच ५.८२ तुमच्या आरने दिला तो बरोबर. पण ०.०५४४८ हा पी त्याने काय-स्क्वेअरच्या वक्रावरून काढलाय, दोन डिग्री ऑफ फ्रीडम धरून. तो वक्र म्हणजे गट मोठे असताना एच कसा वागतो त्याचा अंदाज. पाच-पाचच्या गटांना तो ढोबळ बसतो. लहान गटांसाठी जुन्या पुस्तकांच्या मागे वेगळा तक्ता असायचा, त्यात ५, ५, ५ च्या समोर ०.०५ साठी ५.७८ आहे. काय-स्क्वेअर मात्र ५.९९ मागतो. तुमचा ५.८२ बरोबर त्या दोघांच्या मध्ये पडलाय.

---

घणसोली_ॲनालिस्ट

काका आदर आहे पण हे म्हणजे पाहिजे तो तक्ता शोधणं झालं ना? सॉफ्टवेअर ०.०५४ म्हणतंय आणि आपण जुनं पुस्तक उघडून पास करतोय.

---

निवृत्त_नौपाडा

शंका योग्य आहे, राग नाही. पण जुनं म्हणून ढोबळ असं समजू नका, इथे उलटं आहे. पंधरा आकडे पाच-पाचच्या तीन गटांत वाटायचे ७,५६,७५६ मार्ग आहेत. जागेचा बिळांवर काहीच परिणाम नसेल तर यातला कुठलाही मार्ग सारखाच शक्य. त्यातल्या किती मार्गांत एच ५.८२ किंवा जास्त येतो ते मोजायचं, झाला पी. यात अंदाज कुठेच नाही. पूर्वी कुणीतरी हे बसून मोजलं आणि तक्ता छापला. आज तक्ता नको असेल तर आकडे पिसून बघा:

```r
y <- c(tivar, chikhal, nala)
g <- rep(1:3, each = 5)
h <- replicate(20000, kruskal.test(y, sample(g))$statistic)
mean(h >= 5.82 - 1e-8)
```

थोडा वेळ लागेल, चहा प्या तोवर. तो शेवटचा बारीक आकडा वजा केलाय तो विसरू नका, कॉम्प्युटर ५.८२ ला कधी ५.८१९९९९ समजतो आणि बरोबरीचे मार्ग मोजणीतून गळतात.

---

खाडीकाठची_ऐरोली

तीनदा चालवलं, ०.०४८ च्या आसपास येतंय, दर वेळी शेवटचा आकडा हलतो. म्हणजे झालं?? सिग्निफिकंट??

---

निवृत्त_नौपाडा

झालं म्हणण्याआधी: रिपोर्टमध्ये पी कसा काढला ते लिहा. ‘एच ५.८२, प्रत्येक गटात ५, पी पर्म्युटेशनने’ असं. आणि ०.०५४ व ०.०४८ यांच्यात खाडीतल्या खेकड्याला काही फरक पडत नाही हेही लक्षात ठेवा. पुरावा दोन्हीकडे तेवढाच आहे, मध्यम. मी परीक्षक असतो तर रेघ ओलांडली का यापेक्षा कुठली जागा कुठे पडते ते विचारलं असतं.

---

तुर्भे_क्यूसी

थोडं विषयांतर. आमच्याकडे तीन सप्लायरचं एक पावडर आलंय, प्रत्येकाच्या दोन-दोन ड्रमचा ओलावा मोजलाय, एकाचे दोन्ही आकडे सगळ्यात खाली, एकाचे मध्ये, एकाचे सगळ्यात वर, अगदी स्वच्छ. साहेब म्हणाले रँक टेस्ट लावून फरक दाखव. लावली तर पी ०.१० येतोय. यातही तो काय-स्क्वेअरचाच घोळ का?

---

निवृत्त_नौपाडा

तुमच्याकडे त्याहून वाईट आहे. सहा आकडे दोन-दोनच्या तीन गटांत वाटायचे मार्ग फक्त ९०. तुम्ही म्हणता तशी सगळ्यात स्वच्छ वाटणी ६ प्रकारे होते, कुठला सप्लायर खाली, कुठला मध्ये, कुठला वर एवढाच फरक. सहा भागिले नव्वद, ०.०६७. याहून लहान पी तुम्हाला मिळूच शकत नाही, एकाचा ओलावा दुसऱ्याच्या दसपट असला तरी. साहेबांना सांगा, ही टेस्ट लावण्याआधीच नापास ठरलेली आहे. तीन-तीन ड्रम घ्या, मग मार्ग १,६८० होतात आणि सगळ्यात स्वच्छ वाटणीचा पी ०.००३६ पर्यंत उतरतो. एकेका ड्रमचाच प्रश्न आहे.

---

तुर्भे_क्यूसी

कमाल आहे. दोन वर्षं आम्ही दोन-दोनच घेतोय आणि दर वेळी ‘फरक नाही’ लिहून फाइल बंद 🤦

---

खाडीकाठची_ऐरोली

काका, गाईडना दाखवलं, खूश झाले पण आता म्हणतात की कुठल्या दोन जागांत फरक आहे ते सांग.

---

घणसोली_ॲनालिस्ट

हे मी सांगतो, सोपं आहे. दोन-दोनच्या जोड्या घे आणि मॅन-व्हिटनी लाव, तीन जोड्या आहेत म्हणून पी ला तीनने गुण. तिवर विरुद्ध नाला मी आत्ताच करून बघितलं, ०.०१५८७ येतोय, गुणिले तीन ०.०४८. बाकी दोन जोड्यांत काही नाही. झालं काम.

---

निवृत्त_नौपाडा

गणित बरोबर आहे तुमचं. पण मी डनची पद्धत लावून बघितली, ऑलिव्ह जीन डन यांची, १९६४ ची. तिच्यात मूळ पंधराच्या रांगेतलेच क्रमांक वापरतात. तिवरांची सरासरी रँक ११.८, नाल्याची ५.२, फरक ६.६. त्याला २.८३ ने भागलं की २.३३, पी सुमारे ०.०२, गुणिले तीन ०.०५९.

---

खाडीकाठची_ऐरोली

🙂🙂🙂 म्हणजे एक म्हणतं ०.०४८ आणि दुसरं ०.०५९. मी आता खाडीत उडी मारते.

---

घणसोली_ॲनालिस्ट

माझं घे ना मग. माझं एक्झॅक्ट आहे, काकांचं डन नॉर्मल वक्रावरून काढलेलं आहे. काकांनीच वर सांगितलं ना लहान गटांना वक्र बसत नाहीत म्हणून.

---

निवृत्त_नौपाडा

पकडलंत मला 😄 मान्य. पाच-पाचला डनचा झेडही अंदाजच आहे. पण मॅन-व्हिटनीची अडचण वेगळी. दोन गटांची जोडी काढलीत की तिसऱ्याला रांगेतून हाकलून नवीन रांग लावता. प्रत्येक जोडीला वेगळी रांग, आणि मुख्य टेस्ट झाली तिसऱ्याच रांगेवर, त्यामुळे उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मी आयुष्यभर डन शिकवलं, पण इतक्या लहान गटांत तुमची बाजू अगदीच चूक आहे असं छातीठोक नाही म्हणणार.

एक मात्र ठाम. दोन्ही करून बघितल्यावर जो खाली आला तो लिहायचा, हे नाही चालणार. प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलं होतंत?

---

खाडीकाठची_ऐरोली

सिनॉप्सिसमध्ये ‘डन्स टेस्ट विथ बॉनफेरोनी’ लिहिलंय, सीनियरच्या प्रोजेक्टमधून कॉपी केलं होतं खरं सांगायचं तर.

---

निवृत्त_नौपाडा

मग डन. ०.०५९ लिहा.

---

कांदळवन_भटकंती

उशिरा आलोय, सगळं वाचलं. मी आकडेवाला नाही पण पंधरा वर्षं या काठाने फिरतोय. ताई, या पाच-पाच चौकटी किती अंतरावर टाकल्या आणि किती दिवसांत?

---

खाडीकाठची_ऐरोली

एकाच दिवशी, एकाच ओहोटीत. प्रत्येक जागी साधारण दोन-तीन मीटरवर एकेक. होडीचे पैसे एकदाच परवडले.

---

कांदळवन_भटकंती

मग मला सांगा, त्या नाल्याच्या तोंडाशी आदल्या दिवशी कुणी जेसीबी लावून गाळ काढला असेल तर पाचही चौकटींत बिळं कमीच असणार ना? तुम्ही पाच नाल्यांची तोंडं बघितली नाहीत, एकच तोंड पाचदा बघितलंत. तिवरांचंही तसंच, पलीकडे पन्नास पावलांवरच्या तिवरांत बिळं निम्मी असतील.

---

निवृत्त_नौपाडा

भटकंतीसाहेब, तुम्ही आकडेवाले नाही म्हणता आणि मला सुचायला हवं होतं ते तुम्ही विचारलंत. इकॉलॉजीत याला नाव आहे, स्यूडोरेप्लिकेशन, हर्लबर्ट यांनी १९८४ साली यावरच मोठा लेख लिहिला होता. पिसून काढलेला तो ०.०४८ असं गृहीत धरतो की पंधरा चौकटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. दोन मीटरवरच्या चौकटी तशा नसतात. मग आपण जे दाखवलं ते ‘या तीन ठिपक्यांत, त्या दिवशी’ एवढंच. ‘नाल्याजवळ बिळं कमी असतात’ हे नाही. आणि हे रँक लावून सुटत नाही, दुसरी कुठलीही टेस्ट लावून सुटत नाही.

---

घणसोली_ॲनालिस्ट

पण मग असा विचार केला तर एम.एस्सी.चे निम्मे प्रोजेक्ट कचऱ्यात जातील काका. तीन जागा, पाच चौकटी, सगळे असंच करतात.

---

निवृत्त_नौपाडा

करतात. त्यात मी काय सांगू. निष्कर्ष त्या तीन जागांपुरता ठेवून लिहिलंत तर खोटं नाही. नाल्यांबद्दल म्हणून लिहायचं असेल तर पाच वेगवेगळे नाले हवेत, आणि प्रत्येक नाल्याला एक आकडा, त्याच्या चौकटींची सरासरी.

---

खाडीकाठची_ऐरोली

गाईडना विचारलं. म्हणाले सबमिशनला तीन आठवडे आहेत, आहे तसं दे, लिमिटेशनमध्ये एक ओळ टाक. पण मला आता चैन पडत नाहीये. मामांशी बोलले, रविवारी पहाटेच्या ओहोटीला ऐरोलीकडून निघून अजून दोन नाल्यांची तोंडं होतील म्हणाले, डिझेलचे पैसे द्या फक्त. तिवरांचे दोन ठिपके पण वेगळे घ्यायचे म्हणतेय. तरी प्रत्येकी तीनच होतील, पण क्यूसीदादांना सांगितलं तसं तीन-तीनला मार्ग १,६८० आहेत ना.

---

निवृत्त_नौपाडा

आहेत. पण मोकळ्या चिखलाचे पण तीन हवेत, ते विसरलात.

---

कांदळवन_भटकंती

मी येतो. चौकट धरायला आणि आकडे लिहायला. आकडे इंग्रजीत लिहीन, शब्द देतो. गमबूट माझे आहेत, तुम्ही तुमचे आणा, नाल्याच्या तोंडाशी काच असते.